तारेच्या आत की बाहेर

आमच्या वाडीत एकोणीस घरं आहेत. त्यांतल्या सतरा घरांची भातशेती ओहोळाच्या अलीकडे, एका सलग पट्ट्यात आहे. माझी त्यातच. अठरावं घर एका आक्काचं, तिचीही शेती अलीकडेच, पण पट्ट्यापासून थोडी सुटी. एकोणिसावं घर माझ्या थोरल्या भावाचं. आण्णाचं तीस गुंठे शेत ओहोळाच्या पलीकडे, रानाला अगदी चिकटून आहे. जनावर उतरतं ते आधी तिथे.

रानडुकरं आणि गवे यांच्यासाठी वाडीला वनखात्याकडून विजेच्या झटक्याचं कुंपण मंजूर झालं, तेव्हा तार आली दहा हजार मीटर. पाच पदरी कुंपण घालायचं, म्हणजे दोन हजार मीटर लांबीचं. आण्णाचं शेत वगळून रेघ घेतली तर लांबी एक हजार आठशे साठ मीटर भरत होती. आत घेतलं तर दोन हजार एकशे वीस. फरक दोनशे साठ मीटरचा. हे मी स्वतः दोरीनं दोनदा मोजलं होतं. दुसऱ्या वेळी दोरीचं टोक धरायला आण्णाच होता.

माझं त्या वेळचं जगणं थोडं सांगायला हवं. बायको दोन्ही मुलांना घेऊन बेळगावात भाड्याच्या खोलीत राहते, त्यांच्या शिक्षणासाठी. एका आड एका शनिवारी ती रामनगरमार्गे येते आणि रविवारी दुपारच्या गाडीनं परत जाते. महिन्यात चार दिवस घरात माणूस, बाकी सव्वीस दिवस मी. आण्णा विधुर, मूलबाळ नाही. त्याचं घर माझ्या घरापासून साठ पावलांवर. संध्याकाळी मी भात शिजवून पातेलं घेऊन त्याच्याकडे जायचो, तो आमटी करायचा, आणि आम्ही त्याच्या ओसरीवर जेवायचो. बोलणं फारसं नसायचं. पण दिवसभरात दुसऱ्या माणसाचा आवाज ऐकायचा तो तेवढाच.

गोव्यात एका कारखान्याच्या भांडारात मी सतरा वर्षं काढली. तिथे दर सोमवारी बैठक व्हायची. कागदावर विषय, प्रत्येक विषयापुढे मिनिटं, एक जण चालवणारा, एक घड्याळ सांभाळणारा, एक लिहिणारा. शेवटी कोणी काय करायचं आणि कधीपर्यंत, हे वाचून दाखवलं जायचं. कारखाना बंद झाल्यावर मी गावी आलो आणि वाडीच्या बैठका बघून हैराण झालो. कुंपणाची रेघ ठरवायला तीन वेळा देवळासमोर जमले. पहिल्यांदा माकडांवर बोलले, दुसऱ्यांदा रस्त्यावर, तिसऱ्यांदा एकाच्या सोयरिकीवर. आणि कचेरीतून निरोप आला, गुरुवारपर्यंत नकाशा मिळाला नाही तर तार दुसऱ्या गावाला जाईल.

मी म्हटलं, रविवारची बैठक मी चालवतो.

शाळेच्या व्हरांड्यात दहा वाजता. चार विषय एका पुठ्ठ्यावर लिहून खांबाला बांधले. कशासाठी जमलो आणि बैठकीचे नियम, दहा मिनिटं. कुंपणाची रेघ, चाळीस. खांब आणि कामाची वाटणी, वीस. ठरलेलं वाचून दाखवणं, दहा. लिहायला अंगणवाडीच्या बाई, त्या बाजारकुणंगहून येतात, वाडीत त्यांचं शेत नाही, म्हणून निवडल्या. घड्याळाला कॅसलरॉकच्या रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे एक काका. ते घरून हिरवा आणि लाल असे दोन्ही बावटे घेऊन आले.

"बोलणं लांबलं की लाल," काका म्हणाले. "मग इंजिन जाग्यावर थांबलं पायजे."

"आणि तुम्हीच बोलत सुटला तर, काका?" आक्कानं मागून विचारलं.

"मग मालगाडी समजायची. ती कुटंबी थांबती."

लोक हसले. मला बरं वाटलं. दहा वाजून दोन मिनिटांनी सुरू केलं, हेही बाईंच्या वहीत आहे.

दुसऱ्या विषयाला मी दोन्ही नकाशे भिंतीला लावले. आकडे सांगितले. आण्णाचं शेत आत घेतलं तर तार सहाशे मीटर कमी पडते. वगळलं तर सातशे मीटर उरते, ती दुरुस्तीला कामाला येईल. मी दोन्ही बाजू सारख्याच आवाजात मांडल्या. शेत कोणाचं, हे मी म्हटलं नाही. "पलीकडचं क्षेत्र" असं म्हटलं.

मग विचारलं, "पलीकडचं क्षेत्र वगळलेल्या नकाशाला कोणाची हरकत?"

कोणी बोललं नाही. आण्णा खांबाला टेकून बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मीही त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, तो आकडे मान्य करतोय. काकांच्या घड्याळावर दहा सेकंद मोजली आणि म्हणालो, "हरकत नाही. एकमतानं मंजूर."

बाईंनी लिहिलं. चाळीस मिनिटांचा विषय अकरा मिनिटांत संपला. सगळी बैठक ऐंशी मिनिटांची ठरवली होती, ती एक्कावन्न मिनिटांत उरकली. काकांनी हिरवा बावटा दाखवला. दोघातिघांनी येऊन सांगितलं, अशी बैठक वाडीत कधी झाली नव्हती. मी घरी येऊन पुठ्ठा नीट घडी करून ठेवला.

संध्याकाळी पातेलं घेऊन गेलो तर आण्णाची चूल विझलेली होती. भांडी घासून पालथी घातलेली. तो ओसरीवर सुपारी कातरत बसला होता.

"आज लवकर?" मी विचारलं.

"भूक लागली."

मी उभाच राहिलो. तो कातरत राहिला. थोड्या वेळानं मी पातेलं घेऊन परत आलो आणि घरी लोणच्याशी भात खाल्ला. सोमवारी तेच. सोमवारी मी एकूण सात वाक्यं बोललो. चार कुत्र्याशी, तीन बायकोशी फोनवर. तिनं विचारलं, बैठक कशी झाली? मी म्हणालो, छान झाली, वेळेआधी संपली.

मंगळवारी सकाळी आक्का डोक्यावर पोतं घेऊन माझ्या अंगणातून चालली होती. पोत्याला मी ओळखलं. आण्णाचं बियाण्याचं भात त्यात असतं, दर वर्षी तोच निवडतो.

"हे कुठून, आक्का?"

"तुझ्या आण्णानं दिलं. यंदा पेरणार न्हाई म्हणाला."

"का?"

आक्कानं पोतं माझ्या कठड्यावर टेकवलं आणि कंबरेवर हात ठेवला. "का म्हणून मला इचारतोस? तार सगळी हिकडं घातलीसा. आता समदी डुकरं त्याच्या एकट्याच्या शेतात. कुणासाठी पेरंल त्यो?"

"पण त्यानं हरकत घेतली नाही. मी विचारलं होतं. दहा सेकंद थांबलो होतो."

"त्यो कसा बोलंल?" ती म्हणाली. "सोतासाठी कोण तोंड उघडतंय आपल्यात? त्याच्यासाठी तू बोलायचं. सक्खा भाऊ तू. आमी समदी वाट बघत व्हतो, आता हा बोलंल, मग आपण बोलायचं. तू तर खुर्चीत बसून घड्याळ बघाय लागलास."

"मी अध्यक्ष होतो, आक्का. अध्यक्षानं बाजू घ्यायची नसते."

"मग कशाला बसलास तितं?" असं म्हणून तिनं पोतं उचललं आणि गेली.

ही आमच्याकडची रीत मला माहीत नव्हती असं नाही. पाण्याची पाळी असो, मळणीला माणसं हवी असोत, घर शाकारायला गवत हवं असो, ज्याला हवं तो गप्प बसतो. त्याचा भाऊ बोलतो, भाऊ नसेल तर शेजारी. स्वतः मागणारा माणूस हलका समजतात. आमच्या बापानं आयुष्यात गावाकडे काही मागितलं नाही, त्याच्यासाठी त्याचा भाऊ उभा राहायचा. हे सगळं बघत मी मोठा झालो. सतरा वर्षं कारखान्यात, जिथे जो बोलत नाही त्याला काही म्हणायचं नसतं, तिथे राहून मी गप्प बसणं म्हणजे होकार असं धरायला शिकलो होतो. आमच्या वाडीत गप्प बसणं म्हणजे बहुतेक वेळा वाट बघणं असतं.

आणि दुसरी गोष्ट जास्त लागली. कारखान्यातल्या नियमानंसुद्धा मी चुकलो होतो. तिथे साहेबांच्या स्वतःच्या विभागाचा विषय आला की साहेब खुर्ची सोडायचे, दुसऱ्याला बसवायचे आणि मग टेबलाच्या या बाजूला येऊन बोलायचे. मला हे आठवत होतं. रविवारी सकाळी पुठ्ठा लिहितानाही आठवलं होतं. पण खुर्ची सोडली तर लोक म्हणतील, भावासाठी सोडली. खुर्चीत राहून आण्णाची बाजू घेतली तर म्हणतील, भावासाठी वाकवली. दोन्हीतून सुटायला मी "पलीकडचं क्षेत्र" असा शब्द शोधला. तो निःपक्षपातीपणा नव्हता. मला भीती वाटली होती.

मंगळवारी दुपारी मी बाईंकडे अंगणवाडीत गेलो. मुलं जेवून झोपली होती. मी सांगितलं, रेघेचा निर्णय परत विचारात घ्यायचा आहे.

"असं करता येतं?" त्यांनी विचारलं.

"नकाशा कचेरीत गेलेला नाही तोवर येतं. पण निर्णयाच्या बाजूनं असलेल्या कोणी तरी तशी मागणी करायला हवी, आणि सगळ्यांना आधी कळवायला हवं. मागणी मी करतो. बैठक तुम्ही चालवा."

"मी? मला न्हाई जमायचं. काका तर मला लालच दाखवतील."

"तुमचं शेत नाही, म्हणून तुम्हीच."

त्या हो म्हणाल्या, पण अट घातली की लिहायला दुसरं कोणी तरी पाहिजे. आक्काची सून पदवीधर आहे, तिला घेतलं. मी बाकीची अठरा घरं फिरलो. सतरा घरांत उंबऱ्याशी उभं राहून सांगितलं, बुधवारी दुपारी चार वाजता, एकच विषय, पाऊण तास. आण्णाच्या घरीही सांगितलं. तो आत होता. "ऐकलं," एवढंच आलं.

बुधवारी तो आला नाही.

बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, "आज हरकत आहे का असं मी इचारणार न्हाई. एकेकाला इचारणार. प्रत्येकाला दोन मिनिटं. ज्याला बोलायचं न्हाई त्यानं 'बोलायचं न्हाई' असं तोंडानं म्हणायचं, मग तसं लिहू."

पहिलं नाव माझंच आलं, कारण मागणी माझी. मी खालच्या चटईवर बसलो होतो. उठलो. कागद हातात होता, आकड्यांचा. मी आकडे न वाचता बोलायला लागलो आणि तेच चुकलं असावं, कारण मला कशातून कशात जावं ते कळेना. म्हणालो, हे शेत माझ्या भावाचं आहे. रविवारी मी ते म्हटलं नाही. तो माझ्यासाठी शाळा सोडून गुरांमागे गेला तेव्हा मी दुसरीत होतो. त्याला दुसरी जमीन नाही. आपण सतरा-अठरा घरं तारेच्या आत जाणार आणि जनावराला वाट एकच उरणार, त्याची. हे मी त्याला विचारायला हवं होतं, आणि मी...

काकांनी लाल बावटा वर केला. मी बसेपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही. मी वाक्य तिथेच सोडून बसलो. नियम मीच लावला होता.

मग बाईंनी पुढचं नाव घेतलं. हा शेतकरी ओहोळाच्या कडेला शेत करतो, वाडीत सगळ्यांत कमी बोलणारा. तो म्हणाला, "माझ्याकडची दरड किती उंच हाय ते ठावं हाय नव्हं? दीड माणूस. तितनं गवा वर येत न्हाई, ह्या जन्मात न्हाई. डुक्कर येतंय तेवढं. मग वरची तार तितं कशाला घालताय? चारच घाला."

"दरडीची लांबी किती?" बाईंनी विचारलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ती माझ्या कागदावर होती. सहाशे ऐंशी मीटर. एक पदर कमी केला तर सहाशे ऐंशी मीटर तार वाचते. कमी पडत होती सहाशे. उरले ऐंशी.

"ऐंशी मीटरवर दुरुस्ती कशी भागायची?" एकानं विचारलं. तो रास्तच बोलत होता. "आदी सातशे उरत व्हती. झाड पडलं तार तुटली, मग?"

"मग तुझ्या म्हशीचं दावं बांधू," आक्का म्हणाली.

"आक्का, तुमची दोन मिनिटं अजून आली न्हाईत," बाई म्हणाल्या, आणि आक्का खरोखर गप्प बसली. पुढे तिची पाळी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "त्याचं बियाणं माझ्या घरात हाय. मला ते नगं वाटतंय."

अठरा जणांची फेरी छत्तीस मिनिटांत व्हायला हवी होती. ती एकतीस मिनिटांत झाली. हात वर करून मोजलं. शेत आत घ्यायच्या बाजूनं चौदा. विरुद्ध तीन, दुरुस्तीच्या तारेचं कारण देऊन. एक जण कोणत्याच बाजूला नाही. एक घर गैरहजर. आक्काच्या सुनेनं हे सगळं लिहिलं, तिघांचं कारणही. मी रविवारी "एकमतानं" लिहवून घेतलं होतं, त्यापेक्षा हे कितीतरी जास्त खरं होतं.

मग कामं. वाढलेल्या लांबीला पाच-पाच मीटरवर एक, असे बावन्न खांब जास्त. ते आपापल्या बांधावरच्या झाडांचे. तेरा घरांनी प्रत्येकी तीन घेतले, एकोणचाळीस झाले. उरलेले तेरा माझ्याकडे, पंधरा दिवसांत. नवा नकाशा कचेरीत देणं, उद्या अकरापर्यंत, काका. नव्या दोनशे साठ मीटरच्या खालचं गवत कापून तार मोकळी ठेवणं, कायमचं, मी. गवत तारेला लागलं की झटका जमिनीत जातो आणि सगळ्याच कुंपणाचा जोर उतरतो, म्हणून हे काम नावासकट लिहावं लागतं.

बाईंनी वाचून दाखवलं आणि वहीवर बोट ठेवून थांबल्या. "गैरहजर घराला निर्णय कोण कळवणार?"

कोणी माझं नाव घ्यायच्या आत मी म्हणालो, "मी. आज, अंधार पडायच्या आत." तेही लिहिलं गेलं.

आण्णा ओसरीवरच होता. मी अंगणात उभा राहून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"किती हात?"

"चौदा."

"तीन कोण?"

"वहीत आहेत. तारेच्या दुरुस्तीचं म्हणत होते. तुझ्यावर राग नाही त्यांचा."

"माझ्यावर कशाला असंल?" तो म्हणाला. "तू काय बोललास?"

मी जे बोललो होतो ते त्याला परत सांगता येईना. म्हणालो, "दोन मिनिटं बोललो. पुरं झालं नाही."

त्यानं मान हलवली.

"बियाणं आक्काकडून आणू परत?"

"दिल्यालं परत आणत्यात व्हय?" तो म्हणाला. "यंदा पड ऱ्हाऊंदे. तितं काय करायचं ते म्होरल्या साली बगू." मग उठून आत गेला. चुलीवर काही चढवल्याचा आवाज आला, एका माणसापुरत्या भांड्याचा. मी थांबलो असतो तर त्यानं बस म्हटलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी थांबलो नाही.

कुंपण जूनच्या आत उभं राहिलं. आण्णाचं शेत त्यात आहे, आणि त्यात काही पेरलेलं नाही. पुढच्या बैठकीत बाईंनी मागच्या कामांची यादी वाचली. खांब, पूर्ण. नकाशा, पूर्ण. गैरहजर घराला निर्णय कळवणं.

"कळवलं?" त्यांनी विचारलं.

"कळवलं," मी म्हणालो, आणि त्यापुढे "पूर्ण" लिहिलं गेलं. यावर माझी काही हरकत नोंदवण्यासारखी नव्हती. आण्णा त्याही बैठकीला आला नव्हता. बायकोला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, वेळ लागेल. किती, हे ती सांगू शकली नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता रोज सकाळी सातला मी कोयता घेऊन दोनशे साठ मीटर चालतो. गवत कापतो, वेली ओढून काढतो. मग टेस्टर तारेला लावून आकडा बघतो. कुंपणाच्या दरवाजाशी सहा हजार दोनशे व्होल्टच्या आसपास असतो, शेवटच्या खांबाशी पाच हजार आठशे, पावसाच्या दिवशी त्याहून कमी. रेघ ओहोळ ओलांडून परत अलीकडे येते तिथला तो शेवटचा खांब, आण्णाच्या घरासमोर येतो. तो बहुतेक वेळा तोंड धुऊन ओसरीवर बसलेला असतो. मी आकडा मोठ्यानं सांगतो. "पाच आठशे." तो काही म्हणत नाही. पण आकडा सांगून होईपर्यंत तो उठून आतही जात नाही.